'घरात औषध आहे का' असं विचारू नका : आत्महत्येचा धोका असलेल्या पेशंटच्या घरच्यांशी औषधं आणि फवारणीच्या डब्यांबद्दल कसं बोलायचं

हे सायकियाट्री ओपीडीत, ग्रामीण रुग्णालयात, पीएचसीत काम करणाऱ्या डॉक्टर, सोशल वर्कर, काउन्सेलर, नर्स यांच्यासाठी लिहितोय. पण कोणाच्या घरी अशी काळजी चालू असेल तर त्यांनीही वाचायला हरकत नाही, आणि तुमच्या स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील तर आधी 14416 ला फोन करा (टेली मानस, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो), लेख नंतर वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. नोकरीला लागलो तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी मी पेशंटच्या बायकोला विचारायचो, 'ताई, घरात औषध आहे का?' आणि ती म्हणायची, 'हो आहे की, सकाळ संध्याकाळ मी स्वतः देते.' मी केसपेपरवर टिक करायचो आणि पुढचा पेशंट बोलवायचो. आपल्याकडे मराठवाडा विदर्भात औषध म्हणजे गोळ्या पण, आणि औषध म्हणजे कापसावर मारायचं ते पण, हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझं आजोळच शेतकऱ्याचं. पण ओपीडीत बसलो की आपण डॉक्टरी मराठी बोलायला लागतो ना, आणि समोरचाही मग दवाखान्यात बसून दवाखान्याच्याच औषधाचं उत्तर देतो. फवारणीचं औषध गोठ्यात पडलेलं असतं आणि त्याचा विषयच निघत नाही. म्हणून पहिला नियम, दोन्हीची वेगवेगळी नावं घेऊन दोन वेगळे प्रश्न विचारा, 'फवारणीचं औषध कुठं ठेवता?' आणि 'गोळ्या कुठं ठेवता?' आणि 'आहे का' असं नाहीच विचारायचं, 'कुठं ठेवता' विचारायचं, कारण शेतकऱ्याच्या घरात ते असणारच हे गृहीत धरलं की माणूस लपवत बसत नाही.

आता हे बोलणं करायचं का, तर एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण घरचे तुम्हाला हमखास विचारणार, 'ज्याला करायचंच आहे तो काहीही करून करेल ना डॉक्टर?' याचं उत्तर तुमच्या तोंडात तयार पाहिजे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला 82 लोकांचा एक अभ्यास झाला, 2009 ला छापून आला, प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या लोकांना विचारलं की त्या वेळचा विचार मनात आल्यापासून प्रयत्न करेपर्यंत किती वेळ गेला, तर जवळपास निम्मे म्हणाले 10 मिनिटं किंवा त्याहून कमी. आपल्याकडंही तेच ऐकू येतं, भांडण झालं, दारू पोटात होती, बँकेचा माणूस येऊन गेला आणि समोर जे दिसलं ते. मनातलं दुःख महिन्यांचं असतं पण तो कडेलोटाचा क्षण छोटा असतो, आणि त्या क्षणात हाताशी काही नसलं तर तो क्षण निघून जायची शक्यता खूप वाढते. आणि एकदा वाचलेली बहुसंख्य माणसं पुढं आत्महत्येनं मरत नाहीत, हे पण सांगा. मी घरच्यांना हे असं सांगतो : 'घरात ताप आलेला माणूस असला की आपण विहिरीचं कठडं तपासतो का? नाही. पण लहान पोरगं रांगायला लागलं की तपासतो. पोरगं वाईट आहे म्हणून नाही, त्याचं सध्याचं वयच तसं आहे म्हणून. तसंच हे, सध्याचे काही महिने तसे आहेत.'

कधी बोलायचं? डिस्चार्जचं बिल, 108 ची, रिक्षाची गडबड चालू असताना नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, 15-20 मिनिटं, बसून. वॉर्डातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, त्यामुळं पेशंट घरी पोचायच्या आधी घर तयार झालेलं पाहिजे, नंतर नाही. ओपीडीतला पेशंट असेल आणि आजच त्यानं विचार सांगितले असतील तर आजच, जो नातेवाईक सोबत आलाय त्याच्यापासून सुरू करा आणि उरलेलं फोनवर.

पेशंटला विचारूनच घरच्यांना आत बोलवा. 'दादा, तुमच्या घरी काय कुठं ठेवायचं यावर वहिनींशी बोलायचंय, तुमच्यासमोरच बोलतो, चालेल?' बहुतेक जण हो म्हणतात, कित्येकांना हायसं वाटतं. पेशंट नाहीच म्हणाला आणि धोका खरंच मोठा असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं जिवाचा धोका टाळायला लागेल तेवढी माहिती देता येते, पण तेवढीच, त्याच्या कर्जाचं किंवा बाहेरच्या भानगडीचं सगळं पुराण नाही. आणि घरच्यांना पोलिसाची भीती असते, 'केस होईल का', तर याच कायद्याच्या कलम 115 नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. हे एक वाक्य सांगितलं की बऱ्याच घरांची जीभ सुटते.

मग घराचा फेरफटका मारायचा, बसल्या जागी, तोंडानं. हा भाग घाई न करता करा, सगळा खेळ इथंच आहे. कागद घ्या, ताईंना म्हणा, 'तुमच्या दारातून मला आत न्या.' ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, कोठी, माळा, मग बाहेर गोठा, कडब्याची गंज, शेतातला आखाडा, विहिरीवरची मोटारीची खोली. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं, इथं काय काय ठेवता. कीटकनाशक विचारलं तर कीटकनाशकच सांगतील, तणनाशक वेगळं विचारावं लागतं कारण ते लोकांच्या डोक्यात 'औषधात' धरलेलंच नसतं. तसंच उंदराचं औषध, धान्यात ठेवायच्या गोळ्या, जनावरांच्या गोचिडाचं औषध, बियाण्याला चोळायचं. आणि मागच्या हंगामातलं उरलेलं! हे सगळ्यात जास्त निसटतं, कारण चालू हंगामातली बाटली समोर असते पण गेल्या वर्षीची अर्धी बाटली पोत्यात गुंडाळून कुठंतरी खोचलेली असते आणि बायकोला ती माहीतच नसते. ती माहीत असते तो माणूस तुमच्यासमोर पेशंट म्हणून बसलेला असतो. त्यामुळं पेशंटलाही सरळ विचारा, 'दादा, वहिनींना माहीत नाही असं कुठं काही ठेवलंय का?' विचारल्यानं डोक्यात कल्पना घुसत नाही, ती भीती सोडून द्या, ती कल्पना आधीपासून तिथंच आहे म्हणून तर आपण इथं बसलोय.

एक पथ्य मात्र पाळा. कुठलं जास्त विषारी, कुठलं कमी, डब्यावरचा त्रिकोण लाल का हिरवा, यावर पेशंटसमोर एक शब्दही बोलू नका. घरचे विचारतात, 'हिरव्याचं ठेवलं तर चालतंय ना?' उत्तर एकच, 'सगळं सारखंच धरायचं, सगळंच हलवायचं.' गोळ्यांचंही तेच. आपण शिकवायला जातो आणि नको ती माहिती देऊन बसतो.

आता हलवायचं म्हणजे कुठं. इथं मला जरा वेगळं सांगायचंय, कारण बऱ्याच ट्रेनिंगमधे 'कुलूपबंद पेटी द्या' एवढंच सांगून सोडून देतात. श्रीलंकेत हे मोठ्या प्रमाणावर तपासून झालंय, 180 गावं, 53 हजारांवर घरं, निम्म्या गावांत प्रत्येक शेतकरी घराला कुलपाची पेटी दिली, निम्म्यांत नाही, 3 वर्षं लक्ष ठेवलं. 2017 ला निकाल लॅन्सेटमधे आला, कीटकनाशक घेण्याच्या घटनांत फरक पडला नाही. त्याच श्रीलंकेत जास्त घातक कीटकनाशकांवर एकेक करत बंदी आली आणि 1995 नंतरच्या 20 वर्षांत आत्महत्येचं प्रमाण साधारण 70 टक्क्यांनी खाली आलं. याचा अर्थ पेटी फेकून द्या असा नाही, तो अभ्यास सरसकट अख्ख्या गावाचा होता आणि आपण एका घराशी, एका पेशंटसाठी, ठरवून बोलतोय. पण माझ्यापुरता धडा मी असा घेतला की वस्तू घरात असणं आणि घरात नसणं यात फार मोठा फरक आहे, पेटी हा त्यातला दुय्यम उपाय. किल्ली जर खुंटीवर लटकत असेल तर पेटी म्हणजे नुसतं फर्निचर.

म्हणून क्रम असा धरा. पहिली पसंती, घराबाहेर आणि वस्तीबाहेर, म्हणजे विश्वासातल्या माणसाकडं, तो स्वतः कुलपात ठेवू शकत असेल तर. तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात दोन गावांत सगळ्यांचं औषध एका जागी लॉकरमधे ठेवायचा प्रयोग झालाय, लोकांनी तो स्वीकारला, आपल्याकडं गावात असं काही नाही, पण चार भाऊबंद मिळून एका ठिकाणी ठेवणं जमतं. ज्याच्याकडं ठेवणार त्याच्या घरात कोणी असाच त्रासात नाही ना हे विचारायला विसरू नका, नाहीतर एका घरचा धोका उचलून दुसऱ्या घरात ठेवल्यासारखं होईल. दुसरी पसंती, बाहेर जमतच नसेल तर घरात कुलपात, आणि किल्ली एकाच माणसाच्या अंगावर, खुंटीवर नाही, देव्हाऱ्यात नाही, गादीखाली नाही. 'लपवून ठेवलंय' हा उपाय मी धरतच नाही, कारण घरातल्या माणसाला घरातल्या सगळ्या जागा माहीत असतात.

न फोडलेला डबा कृषी सेवा केंद्रात परत घेतात का ते त्याच दिवशी विचारून टाका, ओळखीचा दुकानदार असेल तर जमतं. फोडलेलं उरलं असेल तर विहिरीत, ओढ्यात ओतायचं नाही, बाहेर ठेवायला देऊन पुढच्या फवारणीत पिकावरच संपवायचं. रिकामे डबे तीनदा धुवून, ते पाणी पंपातच टाकून, डब्याला भोक पाडून घराबाहेर काढायचे. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध दिसलं तर तेही त्याच दिवशी बाहेर, त्यातून पोरं पण मरतात.

एक केस सांगतो, दोन तीन घरांची मिळून केलीय, कोणाची ओळख पटू नये म्हणून. बाई पेशंट असत्या तरी बोलणं हेच, किल्लीचा प्रश्न मात्र आणखी नाजूक, त्यावर पुढं येतो.

पेशंट 38 वर्षांचा, चार एकर, कापूस आणि सोयाबीन, घरात बायको, दोन मुलं, आई आणि वडील, वडिलांना शुगर आणि बीपी. सप्टेंबरचा महिना, म्हणजे फवारणी ऐन भरात, त्यामुळं 'सगळं फेकून द्या' म्हणालो असतो तर घरच्यांनी मान हलवली असती आणि काहीच केलं नसतं. पहिल्यांदा सख्ख्या भावाचं नाव निघालं, घर शेजारीच, सोयीचं. मी पेशंटच्या तोंडाकडं बघितलं तर तो खाली बघत होता. विचारल्यावर कळलं वाटणीवरून दोन वर्षं बोलणं नाही. भावाकडं औषध मागायला जाणं म्हणजे प्रत्येक वेळी अपमान, आणि मग चार दिवसांत ते औषध घरी परत आलं असतं. मग मी विचारलं, 'दादा, तुम्हीच सांगा, कोणाकडं ठेवलं तर तुम्हाला वाईट वाटणार नाही?' तो म्हणाला मेव्हणा, पाच किलोमीटरवर दुसऱ्या गावात. तिथूनच मेव्हण्याला फोन लावला, स्पीकरवर. तो संध्याकाळी मोटरसायकलवर आला, पिशवीत भरून घेऊन गेला.

फवारणीच्या दिवसाचं वेगळं ठरवलं, कारण बेत तिथंच फसतो. मेव्हणा सकाळी तेवढ्या पंपांना लागेल तेवढंच घेऊन येणार, स्वतः थांबणार, फवारणी गडी करणार, पेशंट नाही, आणि संध्याकाळी उरलेलं सोबत परत. नवीन आणायचं झालं तर मेव्हणाच आणणार, दुकानदारालाही त्यानंच सांगितलं की उधारीवर दाजींना देऊ नको, माझ्या नावावर लिही. कारण न सांगता, 'हिशेब एका जागी राहू दे' म्हणून. हे त्याला सुचलं, मला नाही.

गोळ्यांचं असं. पेशंटच्या स्वतःच्या गोळ्या मी महिन्याच्या न देता सात दिवसांच्याच लिहिल्या. फार्मसीवाले कुरकुर करतात, पेशंटला खेपा पडतात, मान्य आहे, जिथं दर आठवड्याला येणं जमत नाही तिथं जवळच्या उपकेंद्रावर किंवा घरातल्या माणसाच्या हातात एकेक आठवडा सुटा करून द्यायची सोय बघावी. आणि गोळी निवडतानाच, उपचाराला चालणार असेल तर, जास्त घेतली गेली तरी कमी धोक्याची असलेली निवडा, हे प्रिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याचं काम आहे, घरच्यांवर ढकलू नका. रोजची गोळी बायको देणार, समोर गिळलेली बघणार, पाकीट तिच्याकडं, आणि रविवारी पाकिटातल्या उरलेल्या मोजणार, कमी जास्त निघाल्या तर फोन. गोळ्या साठवल्या जातायत हे फक्त मोजूनच कळतं, चेहऱ्यावरून नाही. पण घरातला मोठा साठा पेशंटचा नव्हताच, वडिलांचा होता. तीन तीन महिन्यांच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, खिळ्याला लटकवलेल्या, शिवाय बंद झालेल्या जुन्या गोळ्या, मुलाच्या तापाचं औषध, आईची गुडघ्याची. वडिलांची एक आठवड्याची बाहेर, बाकी पत्र्याच्या ट्रंकेत कुलपात, किल्ली आईच्या चंचीत. जुन्या आणि नको असलेल्या सगळ्या पुढच्या खेपेला ओपीडीत आणून द्या म्हणालो, आल्या, चहाच्या डब्याएवढ्या भरल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या सोशल वर्करनं फोन केला. ही पायरी कृपा करून गाळू नका, बोलणं झालं म्हणजे काम झालं असं नसतं. तिनं 'झालं का सगळं' असं नाही विचारलं, तिनं विचारलं, 'ताई, आता या मिनिटाला मेव्हण्याकडं काय काय गेलंय आणि घरात काय काय राहिलंय, मोजून सांगा.' ताई म्हणाल्या सगळं गेलं. 'गोठा बघितला?' बघितला. 'कडब्याच्या मागं?' मग जरा थांबून, 'बघून सांगते.' अर्ध्या तासानं फोन आला, मागच्या वर्षीच्या दोन बाटल्या निघाल्या, पोत्यात. मेव्हणा परत येऊन घेऊन गेला. घरोघरी हे असंच निघतं, दुसऱ्या फेरीत.

बाईमाणूस पेशंट असेल तेव्हा किल्ली कोणाकडं हे जपून ठरवा. घरचे लगेच म्हणतात सासूबाईंकडं. पण भांडणच सासूशी किंवा नवऱ्याशी असेल, मारहाण असेल, तर किल्ली त्यांच्याकडं देणं म्हणजे तिच्यावर आणखी एक पहारा. अशा वेळी तिला एकटीला पाच मिनिटं बसवून विचारा, नवऱ्याला बाहेर चहा घ्यायला पाठवा, तिच्या माहेरचं, जावेचं, आशाताईंचं नाव निघतंय का बघा. आणि किल्ली ज्याच्याकडं असेल त्याला स्पष्ट सांगा की तुझं काम किल्ली सांभाळण्यापुरतं आहे, माणसाचा जीव तुझ्या एकट्याच्या डोक्यावर नाही. 12-14 वर्षांच्या पोराच्या हातात किल्ली कधीच नाही, बाप दारू पितो म्हणून पोराला जबाबदार करणारी घरं मी बघितलीयत, फार वाईट असतं ते. दारूचं निघालंच तर, घरात बाटलीही नको, त्या 10 मिनिटांत दारू फार घाण काम करते.

घरचे नाही म्हणाले तर? 'आमच्या घरात तसलं काही नाही,' 'लोक काय म्हणतील,' 'तो आता बरा झालाय.' वाद घालू नका. मी म्हणतो, 'बरं, मग निदान पुढच्या सोमवारपर्यंत ठेवून बघा कोणाकडं तरी.' मुदत घातली की लोक तयार होतात, आणि सोमवारी पुढचा सोमवार सांगता येतो. तेही नाही जमलं तर निदान कुलूप, तेही नाही तर निदान गोळ्या सात दिवसांच्या, जेवढं पदरात पडेल तेवढं घ्या आणि केसपेपरवर लिहा की काय ठरलं आणि काय राहिलं. गळफासासारख्या बाकीच्या मार्गांना कुलूप लावता येत नाही हेही घरच्यांपासून लपवू नका. त्यासाठी पहिले दिवस माणसाला एकटं न सोडणं, रात्री कोण जागं राहणार याच्या पाळ्या लावणं, आणि बोलणं बदललं, निरवानिरव करायला लागला, कपाटातल्या गोष्टी वाटायला लागला की लगेच दवाखान्यात आणणं एवढंच आपल्या हातात आहे.

आणि इतकं करूनही कोणी काही घेतलं असा नुसता संशय जरी आला तरी काय करायचं, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, त्या वेळी आठवत नाही. 108 ला फोन किंवा मिळेल ती गाडी, लगेच, त्रास दिसत नसला तरी. मिठाचं पाणी, साबणाचं पाणी, ताक, काहीही पाजायचं नाही, बोट घालून उलटी काढायची नाही. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवायचं. कपड्यावर, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून पाण्यानं धुवायचं, धुणाऱ्यानं हातात प्लॅस्टिकची पिशवी घालायची. डबा किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत आणायचं. दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र 1800 116 117 वर 24 तास असतं, तो नंबर घरच्यांपेक्षा तुमच्या कॅज्युअल्टीच्या भिंतीवर जास्त कामाचा आहे.

परत कधी आणायचं, हा प्रश्न पेशंट स्वतः विचारतो, आणि विचारला तर तो चांगला असतो, कारण त्याला पुढचा हंगाम दिसायला लागलेला असतो. आमच्या या पेशंटनं जानेवारीत विचारलं, कापूस विकून झाल्यावर. ठरलं असं की निर्णय तो, बायको आणि मी तिघं मिळून घेणार, एकट्या कोणाचा नाही, आणि तोपर्यंत गोळ्या मोजणं चालू. गोळ्यांची मुदत मी सात दिवसांवरून पंधरा केली. फवारणीचं औषध मात्र मेव्हण्याकडंच राहिलं, तो म्हणाला, 'राहू द्या साहेब, घरात वासच येत नाही आता.'